वणवा माणसाला गाठतो कसा? चढ, वारा आणि वाळल्या गवताचा हिशेब

फेब्रुवारी सरत आला की डोंगरावरचं गवत पिवळं पडून करकरीत होतं आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीच्या वणव्याचे व्हिडिओ फिरू लागतात. लांबून पाहिलं तर आगीची माळ डोंगरावरून सावकाश सरकताना दिसते. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं, वणवा काय, कुठेही गाठला तर पळून जाता येतं. हा समजच जिवावर बेततो. तोच वणवा एका उतारावर बैलगाडीच्या चालीने सरकतो आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या उतारावर धावत्या माणसाला मागे टाकतो.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात हेच घडलं. रविवार होता. कोलुक्कुमलैकडून डोंगर उतरून येणारे गिर्यारोहकांचे दोन गट वणव्यात सापडले. वीसपेक्षा जास्त लोक गेले. त्यात तरुण मुली आणि बायका मोठ्या संख्येने होत्या. उभा उतार, वाळलेलं उंच गवत आणि दुपारचा वारा हे तिन्ही तिथे एकाच वेळी जमून आलं होतं. आपल्याकडे सह्याद्रीत आणि सातपुड्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हे तिन्ही रोजच जमून येतं. फरक एवढाच, की तिथे शहरातून फिरायला आलेले लोक अडकले आणि आपल्याकडे आग विझवायला गावातली पोरं, गुराखी आणि वनमजूर जातात. म्हणून या तिन्हींचा हिशेब समजून घ्यायला हवा.

चढ : आगीला वरची वाट सोपी

माणसाला चढण जड जाते आणि उतरण सोपी वाटते. आगीचं नेमकं उलटं आहे. काडेपेटीची पेटलेली काडी गूल खाली करून धरली तर जाळ काडीवरून सरसर वर येतो आणि बोटं भाजतात. तीच काडी गूल वर करून धरली तर जाळ खाली सरकायला कुरकुरतो, कधी विझूनही जातो. डोंगर म्हणजे ही मोठी काडीच.

याचं कारण साधं आहे. ज्वाळा आणि गरम हवा नेहमी वर जाते. सपाट माळावर ती आभाळाकडे निघून जाते आणि पुढच्या गवताला तिची धग कमी लागते. चढावर मात्र वरचं गवत ज्वाळेच्या तोंडाशीच असतं. आग तिथे पोहोचायच्या आधीच धगीने त्या गवतातला उरलासुरला ओलावा निघून जातो. ठिणगी पडायचाच काय तो अवकाश असतो.

ऑस्ट्रेलियात वणव्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी यासाठी एक ठोकताळा दिला आहे. चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. १० अंशांचा चढ म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर साधारण अठरा फूट उंची. हा चढ आपल्याला फारसा जाणवतही नाही. सपाटीवर ताशी एक किलोमीटर चालणारी आग १० अंशांच्या चढावर ताशी दोन, २० अंशांवर चार आणि ३० अंशांवर आठ किलोमीटरपर्यंत जाते. हा ठोकताळा आहे, मोजमाप नव्हे. ३० अंशांपेक्षा उभ्या उतारावर तर ज्वाळा जमिनीला चिकटूनच वर सरकतात आणि हा हिशेबही तोकडा पडतो.

आता माणसाची चाल पाहा. सपाट रस्त्यावर माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. २० अंशांच्या चढावर, पायवाट नसताना, गुडघाभर गवतातून आणि दगडगोट्यांतून त्याला तासाला एक-दीड किलोमीटर जाणंही जड जातं. म्हणजे चढ वाढतो तशी आग वेगवान होत जाते आणि माणूस मंदावत जातो. खाली आग दीडशे मीटरवर आहे, अजून वेळ आहे, असं वाटत असतं. पण आग मिनिटाला ६५-७० मीटर येत असेल आणि माणूस मिनिटाला २०-२५ मीटर वर जात असेल, तर तीन-साडेतीन मिनिटांत गाठ पडते. तेवढ्या वेळात फोनवर मदत मागून होते, मदत येत नाही.

मॅन गल्च : वरच्या दिशेने हरलेली शर्यत

वणव्यापुढे माणसं कशी हरतात, याचा मिनिटा-मिनिटाचा अभ्यास अमेरिकेतल्या एका घटनेत झाला आहे. मॉन्टाना राज्यात मिसूरी नदीच्या काठी मॅन गल्च नावाची घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे विजेमुळे लागलेली आग विझवायला विमानातून पॅराशूटने जवान उतरवण्यात आले. खाली आधीपासून असलेला एक वनरक्षक धरून एकूण सोळा जण झाले. सगळे तरुण, तगडे, याच कामाचं प्रशिक्षण घेतलेले. दिवस कडक उन्हाचा होता.

ते उतरले तेव्हा आग घळीच्या पलीकडच्या बाजूला होती. घळीच्या तोंडाशी नदी होती. तिकडे उतरायचं, म्हणजे पाठीशी पाणी राहील आणि आगीवर बाजूने काम करता येईल, असा नायक वॅग्नर डॉज याचा बेत होता. बेत चुकीचा नव्हता. पण जोराच्या वाऱ्यात आगीने घळ ओलांडली आणि ती खाली, त्यांच्या आणि नदीच्या मध्येच पेटली. आता आग खाली, माणसं वर आणि मध्ये चढावरचं वाळलेलं गवत, अशी मांडणी झाली.

डॉजने सगळ्यांना माघारी, वरच्या बाजूला वळवलं. काही मिनिटांनी जड अवजारं टाकून द्यायला सांगितलं. पुढे चढ उभा होत गेला आणि गवत दाट होत गेलं. तरणीताठी माणसं जीव खाऊन पळत होती, तरी अंतर कमीच होत होतं. नंतर झालेल्या अभ्यासात शेवटच्या टप्प्यात आगीचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या वर गेला असावा, असा अंदाज निघाला. मागे वळल्यापासून आगीने गाठेपर्यंत जेमतेम दहा-बारा मिनिटं गेली. तेरा जण मरण पावले.

वाचले ते तिघे. दोघांना वरच्या कड्यात एक फट सापडली. तिथून पलीकडे जाऊन ते नुसत्या दगडांच्या घसाऱ्यावर थांबले. तिथे जळण्यासारखं काही नव्हतं. तिसरा स्वतः डॉज. पळून जमणार नाही हे ओळखून त्याने आपल्या पुढच्या गवताला काडी लावली. ते गवत क्षणात वर पेटत गेलं आणि मागे काळी राख उरली. बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून त्याने तोंडावर धरला आणि त्या राखेत तो पालथा पडला. मोठी आग आली, पण राखेत तिला खायला काही नव्हतं. ती त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. त्याने बाकीच्यांनाही हाका मारल्या होत्या. पण मागून आग येत असताना पुढे काडी लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असावा. कोणी थांबलं नाही.

ही युक्ती सरसकट करण्यासारखी नाही. उंच झाडोऱ्यात किंवा वेळ हातातून गेल्यावर ती उलटते. पण तिच्यामागचं तत्त्व गावात आग विझवायला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. वणव्यात सर्वात सुरक्षित जागा म्हणजे जळून काळी पडलेली जमीन, नांगरलेलं रान किंवा उघडा कातळ. वरचा डोंगरमाथा दिसतो जवळ, पण तिथे पोहोचेपर्यंत आग पुढे गेलेली असते.

वारा : दिवसा वर, रात्री खाली

दुसरा हिशेब वाऱ्याचा. मोकळ्या, पूर्ण वाळलेल्या गवतात आगीचा वेग वाऱ्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा धरतात. म्हणजे ताशी २० किलोमीटर वारा असेल तर आग ताशी चार किलोमीटरच्या आसपास. फार कोरड्या जंगलात हाच हिस्सा दहावा धरतात, कारण झाडांमुळे खाली वारा अडतो.

डोंगरात मात्र वारा एका दिशेने वाहत नाही, त्याचं रोजचं वेळापत्रक असतं. ऊन चढलं की उतार तापतो, त्याला लागलेली हवा गरम होऊन वर सरकते आणि खालची हवा तिच्या मागे येते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास हा वारा जोरात असतो. म्हणजे चढ आणि वारा दोन्ही आगीला एकाच दिशेने, वर ढकलतात. कोकणाच्या बाजूला दुपारचे खारे वारे समुद्राकडून येऊन सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर चढतात, त्याची भर पडते ती वेगळीच. सूर्य मावळला की उतार थंड होतो, थंड हवा जड होऊन खाली घरंगळते आणि वाऱ्याची दिशा फिरते.

घळ किंवा नाळ सर्वात वाईट. दोन्ही बाजूंच्या उतारांमध्ये गरम हवा कोंडते आणि धुरांड्यासारखी वर ओढली जाते. चुलीला धुरांडं असलं की जाळ कसा खेचला जातो, तसंच. नाळेत पाणी असेल, सावली असेल म्हणून लोक तिकडे पळतात. मार्चमध्ये नाळेत पाणी नसतं, पाचोळा असतो. आग नाळेच्या तोंडाशी असेल तर वर नाळेत थांबणं म्हणजे धुरांड्यात बसणं.

एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमतात तेव्हा आणखी एक धोका असतो. पाऊस पडायच्या आधी ढगातून थंड हवा खाली आदळते आणि चहूकडे वादळी वारा सुटतो. त्या क्षणी आगीची दिशा बदलते. तोवर बाजूने हळू सरकणारी लांबच लांब कड एकदम आगीचं तोंड होते. कडेला उभं राहून फांद्यांनी झोडपणारी माणसं मग समोर सापडतात. पश्चिमेला काळे ढग आणि गडगडाट असेल तर पावसाची वाट पाहत आगीजवळ थांबू नये.

वाळलेलं गवत : एका तासात बदलणारं जळण

आपल्याकडचे बहुतेक वणवे जमिनीवरून जातात. मोठी झाडं होरपळतात, पण आग पळते ती गवत, पाचोळा आणि बारीक काड्यांवर. जाड ओंडक्यातला ओलावा जायला आठवडे लागतात. पण गवताचं पातं, सागाचं पान किंवा पेन्सिलपेक्षा बारीक काटकी यांचा ओलावा तासाभरात हवेप्रमाणे बदलतो. पहाटे दवाने मऊ पडलेलं गवत काडी लावली तरी नीट पेटत नाही. तेच गवत दुपारी दोनला हवा कोरडी झाली की एका ठिणगीने भडकतं. ओळखायची खूण सोपी आहे. वाळलं पान मुठीत चुरगाळून बघावं. ते वाकलं तर अजून ओल आहे. त्याचा भुगा झाला तर आग पळणार.

यातूनच बांध जाळताना होणारी चूक समजते. शेतकरी सकाळची कामं उरकून दुपारी निवांत वेळी बांधावरचं गवत पेटवतो. सकाळी आठला जी आग पायाने विझली असती, ती दुपारी दोनला बांध ओलांडून डोंगराला लागते. त्यातून शेत पायथ्याला आणि जंगल वर असेल तर चढही तिच्याच बाजूने असतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, नवं गवत चांगलं फुटतं म्हणून माळ पेटवला जातो. कारण काहीही असलं तरी दुपारच्या वेळी हिशेब तोच राहतो. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे वेगळंच.

घाणेरी आणि रानमोडीने भरलेल्या रानात आणखी एक अडचण येते. वरून हिरवी दिसणारी घाणेरीची जाळी आतून वाळल्या काटक्यांनी भरलेली असते. जमिनीवरची गुडघाभर आग तिच्यात शिरली की पुरुषभर उंच होते आणि शेजारच्या झाडाच्या फांदीला हात घालते. अशा जाळीला फांदीने झोडपून काही होत नाही. ती जळून खाली बसेपर्यंत लांब राहावं.

आग फक्त वरच जाते असंही समजू नये. अर्धवट जळालेला ओंडका, बुंधा किंवा पेटलेली शेणाची गोवरी उतारावरून घरंगळत खाली येते आणि खालचं न जळालेलं गवत पेटवते. वर आग विझवत असलेल्यांच्या पायाखाली नवी आग सुरू होते आणि मॅन गल्चसारखी मांडणी तयार होते. म्हणून कामाला लागलेल्या टोळीतला एक माणूस केवळ खालच्या बाजूला नजर ठेवायला मोकळा असावा.

धूर काय सांगतो

धूर आणि आग एका वेगाने चालत नाहीत. धूर वाऱ्याच्या वेगाने जातो, आग त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाने. त्यामुळे गावात दुपारी धूर आला म्हणजे आग वेशीवर आली असं नसतं आणि धूर दिसत नाही म्हणजे आग लांब आहे असंही नसतं. वारा पलीकडे वाहत असेल तर टेकडीमागची आग कळतही नाही.

पण दिवसा लांबून पाहताना धूर बरंच सांगतो. तो सरळ वर चढत असेल तर वारा कमी आहे. एका बाजूला झुकून जमिनीलगत पळत असेल तर वारा जोरात आहे आणि आग त्याच दिशेला जाणार. पांढरा दाट धूर बहुधा ओल असलेल्या पाल्याचा असतो. तो काळपट होऊन घुसळत वर जाऊ लागला तर आगीला मोठं जळण सापडलंय. झुकलेला धूर अचानक सरळ झाला तर खूश होऊ नये. वारा दिशा बदलण्याआधी असा थांबतो.

रात्रीचं गणित वेगळं आहे. थंड हवा उतारावरून खाली येते आणि धूरही घेऊन येते. दरीतल्या गावावर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो. म्हणून डोंगरावरची आग रात्री मंदावलेली असली तरी पायथ्याच्या वस्तीत खोकला आणि डोळ्यांची आग पहाटे सर्वात जास्त असते. ऊन चढून जमीन तापली, साधारण नऊ-दहा वाजले, की झाकण सुटतं आणि धूर वर निघून जातो. दमेकरी, लहान मुलं आणि गरोदर बायांना त्या वेळेपर्यंत दारं-खिडक्या लावून घरात ठेवावं. तोंडावर बांधलेल्या फडक्याने राख अडते, विषारी वायू अडत नाही. डोकं दुखू लागलं, गरगरलं, तर तो माणूस थकला आहे असं न समजता आधी धुराबाहेर काढावा.

मग आग विझवायला जायचं कसं

या हिशेबातून वनमजुरांना अनुभवाने ठाऊक असलेल्या गोष्टींची कारणं कळतात. आगीच्या वर उभं राहून ती अडवायची नाही. जळून गेलेल्या बाजूने, मागून आणि कडेने झोडपत पुढे जायचं, म्हणजे काळी राख कायम पाठीशी राहते. भर दुपारी उभ्या उतारावर आग चढत असेल तर तिला जाऊ द्यायचं आणि संध्याकाळी किंवा पहाटे, वारा फिरल्यावर आणि गवत मऊ पडल्यावर गाठायचं. जी आग दुपारी पन्नास माणसांना आवरत नाही, ती पहाटे चार-पाच जण ब्लोअरने आणि हिरव्या ढाळ्यांनी आवरतात.

जाळरेषा डोंगरमाथ्यावर, धारेवरून का काढतात तेही यातच आहे. माथ्यावर चढ संपतो, पलीकडे आगीला खाली उतरावं लागतं आणि ती मंदावते. तिथे दोन-तीन मीटरचा साफ पट्टाही उपयोगी पडतो. तोच पट्टा उताराच्या मध्यावर काढला तर दुपारची आग त्यावरून उडी मारते. शिवाय जाळरेषा गवत पूर्ण वाळायच्या आत तयार हवी. मार्चमध्ये पट्टा जाळायला घेतला तर तोच वणवा ठरतो.

उपग्रहाच्या इशाऱ्यांचीही मर्यादा ओळखायला हवी. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवते आणि त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येतं. पण हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. मुख्य फेरी दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास असते. दुपारी अडीचला लागलेली आग, म्हणजे सर्वात वेगाने पळणारी आग, उपग्रहाला रात्रीच दिसू शकते. तोवर तिने डोंगर पार केलेला असतो. त्या मधल्या तासांत पहिला निरोप देणारा माणूस गावातलाच असतो. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोन करताना आग कुठे आहे एवढंच सांगून भागत नाही. ती पायथ्याला आहे की माथ्याला, धूर कोणत्या बाजूला झुकलाय आणि वर कोणी गुराखी किंवा सरपण आणायला गेलेल्या बाया आहेत का, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात.